“नेट चालतं, फोन लागत नाही” या तक्रारीला दुकानाचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय, दोन तारे: “आई आणि बाबांचे नंबर इथून दुसऱ्या कंपनीत पोर्ट केले. दोन्ही फोनवर नेट मस्त चालतं, पण कॉल लागत नाही, येतही नाही. बाबांचं सिम बदलून दिलं तरी तेच, वर दिवसभर बँकेचा ओटीपी बंद. खराब सिम विकतात. फोन आधी व्यवस्थित चालत होते.”

दादा, नमस्कार. मी दुकानाचा मालक. काल तुमचे बाबा दोन्ही फोन घेऊन आले होते. तासभर बसून आम्ही दोघांनी मिळून तपासलं. जे सापडलं ते त्यांच्या परवानगीने इथे लिहितोय, कारण याच तक्रारीचे फोन आमच्या काउंटरवर सारखे येतात.

आधी आमची चूक. पोर्ट झाल्यावर आमच्या मुलाने फक्त नेट सुरू करून पाहिलं, एकही कॉल लावून पाहिला नाही. तुम्ही परत आलात तेव्हा कारण न शोधता सिम बदललं. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरचे एसएमएस बंद ठेवतात. दुसऱ्याच कोणी नंबर पळवून ओटीपी मिळवू नये म्हणून तो नियम आहे. म्हणजे तुमचा ओटीपीचा दिवस आमच्यामुळे गेला. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

सिम मात्र चांगलं होतं. बाबांचं सिम काढून माझ्या फोनमध्ये टाकलं, तर दोन-तीन सेकंदांत रिंग गेली.

मग अडलं कुठे? २जी आणि ३जीमध्ये बोलण्यासाठी वेगळी वाट होती. कॉल चालू असेपर्यंत ती तुमच्यासाठी राखून ठेवलेली असायची. ४जी बांधताना ही वाट ठेवलीच नाही. तिथे सगळं काही डेटाच्या तुकड्यांनी जातं. त्यामुळे ४जीवर बोलायचं तर आवाजाचेही तुकडे करून पाठवावे लागतात, आणि ते व्हिडिओ-फोटोंच्या गर्दीत अडकू नयेत म्हणून नेटवर्क त्यांना आधी सोडतं. या व्यवस्थेला व्होल्टी म्हणतात. ती चालायची तर फोनला इंटरनेटच्या जोडणीशिवाय आणखी एक जोडणी उघडून कंपनीच्या कॉलिंगच्या यंत्रणेत स्वतःची नोंद करावी लागते. त्या यंत्रणेला आयएमएस म्हणतात. ही नोंद झाली नाही तर नेट धावतं आणि कॉल मात्र उभाच राहतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

फोन आधी चालत होते, हे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. जुन्या कंपनीकडे ४जीच्या जोडीला २जी अजून आहे. तिथे व्होल्टी नसलेला फोन कॉलपुरता गुपचूप २जीवर उतरतो आणि बोलणं संपलं की परत ४जीवर चढतो. नव्या कंपनीकडे खाली उतरायला २जी-३जी नाहीच. बाबांना हे प्रत्यक्ष दाखवलं. जुन्या कंपनीचं माझं एक सिम त्यांच्या फोनमध्ये घातलं आणि नंबर लावला. वरचं ४जीचं चिन्ह गेलं, तिथे २जीची खूण म्हणजे E आला, सात-आठ सेकंद शांतता आणि मग रिंग. बोलणं चालू असताना नेट पार बंद. व्होल्टी असती तर ४जी तसंच दिसत राहिलं असतं आणि नेटही चालू राहिलं असतं. हे घरी कोणालाही करून बघता येतं.

आता तुमच्या घरचे दोन फोन. लक्षण एकच, पण कारणं अगदी वेगळी निघाली.

आईंचा फोन इथेच घेतलेला, व्होल्टी असलेला. नवं सिम दुसऱ्या खाच्यात होतं. सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटण प्रत्येक सिमला वेगळं असतं, आणि दुसऱ्या सिमचं बंद होतं. मागे कधीतरी आवाज तुटतो म्हणून कोणीतरी ते बंद केलं होतं, असं बाबा म्हणाले. तेव्हा २जी होतं म्हणून काही बिघडलं नाही. बटण चालू केलं, अर्ध्या मिनिटात सिग्नलशेजारी VoLTE दिसलं आणि पहिला कॉल बाबांनी घरी तुमच्या आईंनाच लावला, लँडलाइनवर. त्या फोनचं काम झालं.

बाबांचा फोन २०१७ साली तुमच्या भावाने अमेरिकेतून आणलेला. हँडसेट उत्तम आहे, बॅटरीही टिकून आहे, पण सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटणच नाही. डायल पॅडवर हा कोड टाकला:

```
*#*#4636#*#*
```

त्यातून उघडणाऱ्या Phone information मध्ये IMS Service Status पाहिलं. तिथे IMS Registration: Not Registered आणि Voice over LTE: Unavailable असं होतं. (काही कंपन्यांच्या फोनवर हा कोड चालत नाही. मग वरचं VoLTE चिन्ह हीच खूण.) हा फोन तिकडच्या एका मोबाइल कंपनीसाठी बनवलेला आहे. कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर आयएमएसची नोंद कशी करायची, हे मॉडेमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं असतं, आणि या फोनमध्ये भारतातल्या कंपन्यांची ती माहिती नाही. फोन ४जी असणं आणि त्याची व्होल्टी इथे चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडेही लोकांना हे भोगावं लागलं. एटी अँड टी या तिथल्या मोबाइल कंपनीने २०२२च्या फेब्रुवारीत ३जी बंद केलं, तेव्हा ४जी नेट नीट चालणारे पण त्यांच्या व्होल्टीत न बसणारे फोन कॉलसाठी निकामी झाले.

नेटची एपीएन सेटिंग बदलून किंवा फोन रिसेट करून हे सुटत नाही. ती माहिती फोन बनवणाऱ्याने अपडेटमधून द्यायची असते, आणि इतक्या जुन्या मॉडेलला आता अपडेट येत नाहीत. दुसऱ्या देशाचं सॉफ्टवेअर चढवून देतो म्हणणारे भेटतील. आम्ही ते करत नाही. मॉडेम बिघडला तर आज चालतंय ते नेटही जाईल. वाय-फाय कॉलिंगचाही उपयोग नाही, कारण त्यालाही तीच आयएमएसची नोंद लागते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागतात, पण गॅसवाल्याचा किंवा दवाखान्याचा साधा फोन त्यावर येणार नाही.

लगेच जुन्या कंपनीत परत जायचं तर पोर्ट झाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. तोवर आमच्याकडचा व्होल्टीचा कीपॅड फोन बाबांनी वापरायला न्यावा, पैसे नकोत. सिम त्यात राहील, आणि अमेरिकेचा फोन घरच्या वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅप आणि फोटोंसाठी चालेल. बाबांना हे पटलंय, पण निर्णय तुम्हाला विचारून घेतो म्हणाले. ९० दिवसांनी परत पोर्ट करायचं ठरलं तर ते काम मी स्वतः करून देईन. आणि नवा फोन घ्यायचाच ठरला तर तो कुठूनही घ्या, फक्त हेच सिम त्यात घालून, VoLTE दिसतंय का बघून, एक कॉल लावून मगच पैसे द्या.

सोमवारपासून आमच्या काउंटरवर पोर्ट झालेला प्रत्येक नंबर एक कॉल लावून आणि एक घेऊनच ग्राहकाच्या हातात जातोय. पोर्टचा अर्ज भरण्याआधी फोनचं मॉडेलही बघतो. तुमच्या वेळी हे केलं असतं, तर बाबांचा नंबर पोर्ट करू नका असं मीच सांगितलं असतं.