‘आधीचा भाग कायमचा डिलीट’ म्हणे!

> स्क्रीन रेकॉर्डिंगचा फक्त मधला भाग हवाय? एडिटर विसरा! ही एक ओळ टाका. दोन सेकंदांत अचूक तुकडा, क्वालिटी १००% तीच, आधीचा-नंतरचा भाग कायमचा डिलीट!

```
ffmpeg -ss 00:01:12 -i in.mp4 -to 00:04:10 -c copy out.mp4
```

हा फॉरवर्ड आमच्या वहिनींपर्यंत पोचला नसता तर मी गप्प बसलो असतो. त्या एका पतसंस्थेत आहेत. शाखांमधल्या लोकांसाठी त्यांनी नव्या फॉर्मचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. पहिली सत्तरेक सेकंदं सभासदांची यादी उघडी होती, खाते क्रमांकांसकट. म्हणून १:१२ पासून तुकडा कापला, आपल्या मशीनवर दोनदा पाहिला आणि अक्षरं फुटू नयेत म्हणून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवला. संध्याकाळी फोन: “भाऊजी, दुसऱ्या शाखेतला मुलगा म्हणतोय सुरुवातीला यादी दिसते. मला तर नाही दिसत!”

दोघंही खरं बोलत होते.

ffmpeg हा कमांडने चालणारा व्हिडिओचा प्रोग्राम. त्यात `-c copy` म्हणजे व्हिडिओ उलगडायचाच नाही, आहे तसा उचलून ठेवायचा. पण व्हिडिओत प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. पूर्ण चित्र फक्त कीफ्रेममध्ये असतं. पुढच्या फ्रेम ‘मागच्यापेक्षा काय बदललं’ एवढंच सांगतात. त्यामुळे उचलायला सुरुवात कीफ्रेमपासूनच करावी लागते. वहिनींच्या फाइलमध्ये कीफ्रेम दर २५० फ्रेमनंतर होती, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर दर ८.३३ सेकंदांनी. ७२व्या सेकंदाच्या आधीची कीफ्रेम ६६.६७ ला. मधले सव्वापाच सेकंद out.mp4 मध्ये मुकाट्याने आले, यादीसकट.

मग वहिनींना का दिसले नाहीत? एमपी४ मध्ये एडिट लिस्ट नावाची नोंद असते: ‘इतकं सोडून पुढून दाखव.’ त्यांच्या प्लेयरने ती मानली, त्या मुलाच्या प्लेयरने नाही. ते सेकंद कापलेच नव्हते, त्यांवर नुसता पडदा ओढला होता. आणि हे कुणाचं गुपित नाही. ffmpeg च्या स्वतःच्या माहितीपानावर `-ss` खाली, म्हणजे कुठून सुरू करायचं ते सांगणाऱ्या पर्यायाखाली, लिहिलंय की रि-एन्कोड करताना, म्हणजे व्हिडिओ उलगडून नव्याने बांधताना, हा जास्तीचा तुकडा उलगडून टाकून दिला जातो, पण नुसती कॉपी करताना तो राखला जातो. ‘कायमचा डिलीट’ लिहिणाऱ्याने तेवढा परिच्छेद तरी वाचायचा होता.

आपल्या तुकड्यात काय लपलंय ते असं बघा:

```
ffplay -ignore_editlist 1 out.mp4
```

वहिनींच्या फाइलवर चालवलं. पहिल्याच फ्रेमला यादी.

आता ‘अचूक’. शेवटही चुकीचा आहे, आणि तो तर निव्वळ ओळ लिहिणाऱ्याचा आळस. `-ss` हे `-i` च्या आधी आलं की घड्याळ शून्यावर येतं. नंतरचं `-to 00:04:10` मग मूळ व्हिडिओतलं ४:१० राहत नाही, तुकड्याची लांबी होते. तुकडा मूळच्या ५:२२ पर्यंत चालतो. वहिनींचं रेकॉर्डिंग ४:४० लाच संपत होतं म्हणून शेपटीत फक्त “थांबवायचं कुठून गं?” एवढंच आलं. काहींनी सुचवलं की `-ss` नंतर टाका. त्याने यादी जाते खरी, पण मग चित्र पुढच्या कीफ्रेमला, ७५व्या सेकंदाला सुरू होतं आणि पहिले तीन सेकंद नुसता आवाज.

क्वालिटीचं मात्र मान्य करावं लागेल. कॉपीत गुणवत्ता तसूभरही जात नाही आणि ती झटकन होते. तासाभराच्या व्याख्यानातून, जिथे आगेमागे झाकण्यासारखं काही नाही, तुकडा काढायचा असेल तर खुशाल वापरा. पण रि-एन्कोड म्हणजे अक्षरं फुटणारच, हे खोटं. हे चालवा:

```
ffmpeg -ss 72 -to 250 -i in.mp4 -c:v libx264 -crf 18 -c:a aac out.mp4
```

इथे `-ss` आणि `-to` दोन्ही `-i` च्या आधी आहेत, म्हणून दोन्ही मूळ व्हिडिओच्या घड्याळाने मोजले जातात. २५० म्हणजे ४:१०. `-crf` चा आकडा लहान तितकी फाइल मोठी आणि चित्र स्वच्छ. न सांगितल्यास २३ धरतो. १८ ला फॉर्ममधली बारीक अक्षरंही मला मूळपेक्षा वेगळी दिसली नाहीत.

वहिनींचा जुना तुकडा ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केला, पण चौघांनी तो आधीच उतरवून घेतला होता. त्यांना एकेक फोन लावणं चालू आहे.