४५० वॉटचा हिशेब कुठे चुकतो

"४५० वॉटचा कॉम्प्युटर दिवसभर चालू राहिला तर वर्षाला ३९ हजारांचं बिल येतं, आणि स्लीपने काहीच वाचत नाही."

दोन्ही चूक. ४५० वॉट ही एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या भागाची, कमाल क्षमता आहे, रोजचा खप नव्हे. साधा ऑफिसचा डेस्कटॉप नुसता चालू असताना, मॉनिटर सोडून, साधारण ६० वॉट घेतो; गेमिंगचा जास्त.

समजा, काम ८ तास आणि उरलेले १६ तास मशीन रिकामं, पण चालूच. त्या १६ तासांचे वर्षाला सुमारे ३५० युनिट. १० रुपये दराने साडेतीन हजार रुपये. स्लीपमध्ये २ वॉट धरले तर १२ युनिट, म्हणजे सव्वाशेच्या आत. दर मात्र आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा धरा, कारण वाचणारे युनिट तिथलेच असतात.

खरी फसगत वेगळीच आहे: स्क्रीन काळी झाली म्हणजे स्लीप लागली असं नाही. पंखा फिरतोय का ते ऐका. फिरत असेल तर विंडोजमध्ये अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि हे टाइप करा:

```
powercfg /requests
```

स्लीप अडवून धरणाऱ्या प्रोग्रॅमचं किंवा ड्रायव्हरचं नाव बहुतेक वेळा तिथेच दिसतं.