‘ऑटिस्टिक’ म्हणायचं की ‘ऑटिझम असलेला’?

मी विशेष शिक्षिका आहे, त्यामुळे हा प्रश्न मला सतत विचारला जातो. शाळेतल्या बाई विचारतात, कार्यक्रमांचे निवेदक विचारतात, आणि मुलाचं नुकतंच निदान झालेले आईबाबा तर पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, नक्की म्हणायचं तरी काय?" सगळ्यांना एक शब्द हवा असतो. तो देता येत नाही, कारण या दोन्ही पद्धती दोन वेगवेगळ्या दुखण्यांतून आल्या आहेत आणि दोन्ही दुखणी खरी आहेत.

‘ऑटिझम असलेला’ असं म्हणत माणूस आणि त्याची अवस्था वेगळी ठेवणारी ‘व्यक्ती आधी’ ही पद्धत कुणा प्राध्यापकाच्या डोक्यातून निघालेली नाही. 1974 साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात सेलम या शहरात बौद्धिक अक्षमता असलेले काही लोक स्वतःचं अधिवेशन भरवायची तयारी करायला एकत्र जमले. त्यांतल्या अनेकांचं आयुष्य मोठाल्या सरकारी संस्थांमध्ये गेलं होतं, आणि तिथे त्यांना ज्या शब्दाने हाक मारत तो आपल्याकडच्या ‘मतिमंद’ आणि ‘वेडपट’ यांच्या मधला. त्या नावाने ओळखले जायचा कंटाळा आलाय, आम्हाला आधी माणूस म्हणा, असं त्यांनी सांगितलं आणि चळवळीचं नावच ‘पीपल फर्स्ट’ ठेवलं. नऊ वर्षांनी डेन्व्हरमध्ये एड्स झालेल्या लोकांनीही हेच केलं. आम्हाला बळी म्हणू नका, आम्ही एड्स असलेली माणसं आहोत, असं त्यांनी जाहीर केलं.

हा मुद्दा मराठी माणसाला समजावायला मला अमेरिकेपर्यंत जावं लागत नाही. ‘महारोगी’ हा शब्द आठवा. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला उभ्या केलेल्या संस्थेच्या नावातही तो आहे, कारण 1949 साली तोच शब्द चालू होता. आज कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार आहे. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो, आणि संसर्ग पसरण्याची भीती तर उपचार सुरू झाल्यावर लवकरच संपते. पण तीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या माणसालाही वस्तीत ‘कुष्ठरोगी’च म्हणतात. त्याच्या मुलीचं लग्न ठरताना तोच शब्द आडवा येतो. 2019 पर्यंत आपल्या विवाहविषयक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. रोग गेला, शब्द राहिला. अशा ठिकाणी माणूस आणि आजार वेगळे काढणारी भाषाच न्यायाची आहे. ‘कुष्ठरोगातून बरे झालेले’ किंवा ‘कुष्ठरोग झालेली व्यक्ती’ म्हणायला दोन शब्द जास्त लागतात, ते खर्च करावेत.

आता ऑटिझमकडे या. तो गोळ्यांनी जात नाही, आणि मुळात तो अंगावर आलेला आजारही नाही, ती मेंदूची जन्मापासूनची वेगळी जडणघडण आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ म्हणतो, पंख्याच्या आवाजाने कान झाकतो, आणि आनंद झाला की दोन्ही हात फडफडवतो. यातला ऑटिझम बाजूला काढून ‘उरलेला मुलगा’ दाखवा म्हटलं तर मला दाखवता येणार नाही. 1999 साली जिम सिंक्लेअर यांनी, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, नेमकं हेच लिहिलं. आपण ‘डावखुरा माणूस’ म्हणतो, ‘डावखुरेपणा असलेली व्यक्ती’ म्हणत नाही. एखादी गोष्ट वाईट वाटते तेव्हाच ती माणसापासून लांब धरावीशी वाटते. त्याआधीच, 1993 साली, अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने ठराव करून सांगितलं होतं की आम्हाला सरळ अंध म्हणा, आडवळणाने बोलू नका. सांकेतिक भाषा वापरणारे अनेक कर्णबधिर लोकही आपल्याला भाषिक समाज मानतात. त्यांच्या लेखी कर्णबधिर असणं ही उणीव नाही.

मग आपल्या समोरच्या माणसाला काय आवडेल? इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. 2016 साली ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑटिस्टिक प्रौढांचा कल ‘ऑटिस्टिक’कडे होता, तर व्यावसायिकांचा ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’कडे. सगळ्यांना मान्य असा एकही शब्द सापडला नाही. म्हणजे आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात जे सभ्य म्हणून शिकवलं जातं, ते ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना पटतंच असं नाही. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी हे मनावर घ्यायला हवं, असं मला फार वाटतं.

कार्यक्रमाचं उदाहरण घेऊ. मंचावर तीन पाहुणे आहेत: एक ऑटिस्टिक चित्रकार, एक कर्णबधिर शिक्षक आणि कुष्ठरोगातून बरे झालेले एक शेतकरी. परिचय लिहिताना माझा पहिला प्रश्न असतो, उल्लेख हवाच का? शेतकरीदादा ठिबक सिंचनावर बोलणार असतील तर त्यांच्या जुन्या आजाराचा तिथे काय संबंध? गाळून टाका. चित्रकार स्वतःच्या संवेदनांविषयी बोलणार असेल तर उल्लेख लागेल. मग त्याला आधी, खासगीत विचारायचं. फोनपेक्षा मेसेज बरा, कारण उत्तर द्यायला वेळ मिळतो. प्रश्न साधा ठेवायचा: "तुमची ओळख कशी करून देऊ?" मंचावर माईक धरून हे विचारू नये, तिथे माणूस संकोचाने काहीही ‘चालेल’ म्हणतो. विचारणं शक्यच नसेल तर तो स्वतःबद्दल काय लिहितो ते बघायचं. कर्णबधिर शिक्षकांच्या बाबतीत ‘मूकबधिर’ टाळायचं, कारण ते मुके नाहीत, त्यांची भाषा हातांची आहे. दुभाषा उभा असला तरी प्रश्न त्यांच्याकडे बघून विचारायचा.

आणि काहीच कळायला मार्ग नसेल, ओळखीचं कुणी नसेल, तर मी ठोकताळा असा ठेवते: बरा होणारा किंवा उपचाराने आटोक्यात राहणारा आजार असेल तर ‘असलेली व्यक्ती’, अंध, कर्णबधिर, ऑटिस्टिक यांच्याबाबत सरळ शब्द. माणसाने दुरुस्त केलं की लगेच त्याचा शब्द उचलायचा. ‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘बिचारा’ मात्र दोन्ही पद्धतींत बाद.

आईवडील आणि मूल यांचं जमत नाही तेव्हा खरा पेच येतो. आई म्हणते, "त्याला ऑटिझम आहे, तो ऑटिस्टिक नाही." त्यामागे तिची भीती असते, शाळेत लेबल चिकटेल ही, आणि ती खोटी नाही. तिच्याशी बोलताना मी तिचाच शब्द वापरते. पण मुलगा मोठा झाला, बोलून, लिहून किंवा टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगू लागला, की त्याच्याबद्दल त्याचा शब्द चालणार, आईचा नाही. न बोलणाऱ्या मुलाला मत नसतं असं समजणारे लोक मला आजही भेटतात, तेव्हा राग येतो.

राहिला ‘दिव्यांग’. हा शब्द 2015 च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांच्या भाषणातून आला, आणि 2022 पासून महाराष्ट्रात त्या नावाचं स्वतंत्र खातंही आहे. अर्जावर, प्रमाणपत्रावर जो शब्द छापलाय तोच मी लिहिते. काहींना तो आवडतो, सन्मानाचा वाटतो. पण त्याला कडाडून विरोध करणाऱ्या संघटना आहेत. आमच्यात काही दैवी नाही, आम्हाला रॅम्प आणि लिफ्ट द्या, असं त्यांचं म्हणणं. स्वतःला ठणकावून ‘अपंग’ म्हणवणारे कार्यकर्तेही माझ्या ओळखीत आहेत. ते बोलत असताना मध्येच "दिव्यांग म्हणा हो" असं सुचवणाऱ्यांनी कृपया थांबावं.