रोज गोल्डची अंगठी तडकते ती नुसत्या तांब्यामुळे नव्हे

«सोनं घेताय? आधी हे वाचा. रोज गोल्डमध्ये तांबं भरलेलं असतं, म्हणजे सोनं कमी. पिवळं तेच शुद्ध. व्हाइट गोल्ड म्हणजे सोन्यात चांदी नाहीतर प्लॅटिनम, तो रंग जन्मभर तसाच राहतो आणि सगळ्यात टणकही तेच. रोज गोल्ड तांब्यामुळे ठिसूळ, अंगठी मोठी करायला दिली की तडकते. पुढे पाठवा.»

लग्नसराई तोंडावर आली की असलं काहीतरी घरच्या ग्रुपवर येतंच. काळबादेवीत दागिन्यांच्या एका कारखान्यात माझं कामानिमित्त जाणं-येणं असतं, त्यामुळे नात्यातल्यांनी हा मेसेज माझ्याकडे सरकवून ‘खरं का गं हे?’ असं विचारलं. यातलं अंगठी तडकण्याचं वाक्य अर्धं खरं आहे आणि सांगण्यासारखं खूप त्यातच आहे. बाकीची आधी उरकते.

सोनं किती, हे रंग ठरवत नाही, कॅरेट ठरवतो. चार ग्रॅमची 18 कॅरेटची अंगठी घ्या. 18 कॅरेट म्हणजे हजारात 750 भाग सोनं, म्हणजे या अंगठीत तीन ग्रॅम सोनं आणि एक ग्रॅम हीण. अंगठी पिवळी असो, गुलाबी असो की पांढरी, ते तीन ग्रॅम हलत नाहीत. बदलतं ते त्या एका ग्रॅममध्ये काय आहे तेवढंच. नेहमीच्या पिवळ्या मिश्रणात साधारण निम्मी चांदी आणि निम्मं तांबं असतं. गुलाबीच्या एका प्रचलित मिश्रणात त्याच एका ग्रॅममध्ये 820 मिलिग्रॅम तांबं आणि 180 मिलिग्रॅम चांदी असते. म्हणजे तांबं वाढलं ते चांदीच्या वाट्यातून, सोन्याच्या नव्हे. तांबं सोन्याला लालीकडे ओढतं, चांदी फिकट हिरवटपणाकडे. दोघांची ओढ सारखी झाली की आपल्या ओळखीचा पिवळा रंग राहतो. म्हणून 18 कॅरेटच्या पिवळ्या अंगठीत हीण गुलाबीइतकंच असतं. इतकंच काय, 22 कॅरेटच्या पाटल्यांतही हजारातले 84 भाग सोनं नसतं.

भेसळ म्हणायची ती 750चा शिक्का मारून आत सोनं कमी निघालं तर. ते तपासायचं असेल तर रंगाकडे पाहून उपयोग नाही. दागिन्यावर बीआयएसची खूण, 18K750 आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्याची विक्री या एचयूआयडीशिवाय करता येत नाही. तो BIS Care ॲपमध्ये टाकला की दागिन्याची शुद्धता आणि प्रकार दिसतो. तिन्ही रंगांना नियम एकच.

आता पांढऱ्याकडे. 18 कॅरेटमध्ये उरलेला पाव हिस्सा नुसती चांदी घातली तर सोनं पांढरं होत नाही, फिकट हिरवट होतं. चांदीनेच पांढरं करायचं तर ती इतकी घालावी लागते की कॅरेट कुठल्या कुठे खाली येतो. रंग पुसून काढायची खरी ताकद आहे ती निकेल आणि पॅलेडियममध्ये. निकेलच्या मिश्रणात सोबतीला जस्त आणि थोडं तांबं असतं, पॅलेडियमच्या मिश्रणात बहुधा चांदी. प्लॅटिनमनेही सोनं फिकं पडतं, पण ते महाग, आणि वितळायला 1768 अंश सेल्सिअस लागतात, तेव्हा रोजच्या कामात त्याच्या वाटेला कोण जातो? प्लॅटिनमचा दागिना म्हणून जो मिळतो तो वेगळाच धातू आहे. त्यावर Pt950 लिहिलेलं असतं आणि त्याच घाटाच्या व्हाइट गोल्डपेक्षा तो हाताला सरळ जड लागतो.

आणि जन्मभर राहणारा रंग? दुकानात काचेखाली जो आरशासारखा पांढरा दिसतो तो बहुतेक वेळा मिश्रणाचा नसतोच, वरच्या ऱ्होडियम या धातूच्या मुलाम्याचा असतो. हा थर मायक्रॉनच्या अंशांत मोजायचा, इतका पातळ. स्वतः ऱ्होडियम कमालीचं टणक आहे, पण पातळ थर घासून जायला वेळ लागत नाही. लोकलचा दांडा रोज ज्या हाताने धरता त्या हातातल्या अंगठीची तळहाताकडची बाजू पाहा. तिथे आधी उबदार, किंचित पिवळट करडी छटा दिसू लागते, दर्शनी बाजू मात्र अजून पांढरी असते. अंगठी खोटी निघाली असं वाटून लोक दुकानात भांडायला जातात. तो मिश्रणाचा मूळ रंग असतो. पॉलिश करून पुन्हा ऱ्होडियम चढवतात, इतकंच. ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांना मात्र नेमकं याच सुमारास खाजायला लागतं, कारण मुलामा गेला की निकेल त्वचेला लागतं. असा त्रास होत असेल तर घेतानाच पॅलेडियमचं मिश्रण मागा.

टणकपणाचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. सराफी कामात तो विकर्स आकड्यात मोजतात: हिऱ्याचं टोक ठराविक वजनाने दाबायचं आणि पडलेला खळगा मोजायचा. तापवून मऊ केलेलं शुद्ध सोनं पंचविसाच्या आसपास येतं, 22 कॅरेट साधारण 50 ते 70. चांदी-तांबं निम्मंनिम्मं असलेलं 18 कॅरेट पिवळं 150च्या आसपास, गुलाबी त्याच्या थोडं वर, 165च्या सुमाराला. निकेलचं पांढरं 200च्या पुढे जातं, पण पॅलेडियमचं पांढरं 100च्या आसपासच, म्हणजे पिवळ्यापेक्षाही मऊ. तेव्हा ‘व्हाइट गोल्ड’ एवढंच सांगून टणकपणा कळत नाही. कुठलं पांढरं, ते विचारावं लागतं.

याचं कारण अणूंच्या आकारात आहे. सोन्याचा आणि चांदीचा अणू जवळजवळ सारख्याच मापाचा. चांदी घातली तरी सोन्याची अणूंची रांग फारशी वाकडी होत नाही, म्हणून नुसत्या चांदीचं ते हिरवट मिश्रण जवळपास शुद्ध सोन्यासारखं मऊ राहतं. तांब्याचा अणू बराच लहान, निकेलचा त्याहून किंचित लहान. त्यांनी रांगा ताणल्या-वाकल्या की थर एकमेकांवरून सहज घसरत नाहीत, आणि थर न घसरणं म्हणजेच टणकपणा. पॅलेडियमचा आकार मधला, म्हणून परिणामही मधला.

आता तडकणाऱ्या अंगठीकडे. नुसतं सोनं आणि तांबं असलेलं 18 कॅरेट घ्या: 75 ग्रॅम सोनं, 25 ग्रॅम तांबं. वजनात तिपटीचा फरक, पण तांब्याचा अणू सोन्याच्या अणूच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या वजनाचा. अणू मोजले तर शंभरात सुमारे 49 सोन्याचे आणि 51 तांब्याचे येतात, जवळजवळ जोडीला जोडी. सगळी मेख इथेच आहे. भट्टीत लाल असताना हे अणू कसेही मिसळलेले असतात. तापमान सुमारे 400 अंशांच्या खाली सावकाश उतरलं की त्यांना आपापल्या जागी बसायला वेळ मिळतो: एक थर सोन्याचा, एक तांब्याचा, पुन्हा एक सोन्याचा. ही शिस्त लागली की स्फटिकाचा घन एका बाजूने किंचित चपटा होतो, आतून ताण येतो, आणि धातू टणक होता होता ठिसूळ होतो. पाव हिस्सा नुसती चांदी असलेल्या मिश्रणात हे होत नाही. निम्मंनिम्मं पिवळं याने थोडं टणक होतं, पण तडकण्याची वेळ सहसा येत नाही.

म्हणून कारखान्यात गुलाबी सोन्याची तार जंत्रीच्या बारीक भोकांतून ओढताना मधेमधे ती लालबुंद तापवतात आणि क्षणभर ठेवून थेट पाण्यात बुडवतात. चर्र आवाज येतो, आणि बाहेर काढलेली तार बोटाने वाकते. शिस्त लागायला वेळच मिळाला नाही, म्हणून ती मऊ राहिली. तीच तार तापवून विटेवर तशीच निवू दिली तर वाकवताना कडक लागते आणि बाकावर कधी सरळ दोन तुकडे होतात. रंग दोन्हींचा एकच, तांबं तेवढंच.

अंगठीचं माप वाढवताना नेमकं हेच बिनसतं. कारागीर अंगठी कापतो, मधे तुकडा बसवतो, डाक लावून जोडतो आणि बाजूला ठेवून दुसऱ्या कामाला लागतो. अंगठी सावकाश निवते. मग गोल करायला निमुळत्या दांड्यावर चढवून हातोडी मारली की जोडाच्या शेजारी केसासारखी रेघ येते. बघायची युक्ती सोपी आहे: रेघ डाकेच्या आत असेल तर जोड कच्चा, शेजारच्या धातूत असेल तर निवण्यात चूक. पहिलं असेल तर डाक पुन्हा लावून भागतं, दुसरं असेल तर नुसती रेघ भरून उपयोग नाही. तडकलेला भाग कापून नवा तुकडा घालावा लागतो, आणि पूर्ण अंगठी तापवून लगेच पाण्यात विझवावी लागते.

पिवळ्याची सवय असलेला चांगला कारागीरही इथे फसतो, कारण पिवळ्याने त्याला कधी दगा दिलेला नसतो. या ठिसूळपणाचा उपयोगही करतात. तयार झालेला दागिना नेमक्या वेळेपुरता 300 अंशांच्या आसपास ठेवला तर टणकपणा हवा तेवढाच वाढवता येतो, पण घडणीचं काम संपल्यावरच.

निकेलच्या पांढऱ्या सोन्याची रीत उलटी. ते लाल असताना पाण्यात फेकलं तर आत ताण राहतो आणि पुढे भेगा पडू शकतात, म्हणून लाली जाऊन काळं पडेपर्यंत ते तसंच ठेवतात आणि मग विझवतात. तेव्हा अंगठी माप बदलायला देताना ‘गुलाबी आहे, तापवल्यावर लगेच विझवाल ना?’ एवढं विचारायला काही जात नाही. पांढरी असेल तर आधी निकेल की पॅलेडियम ते विचारा, आणि जोडकामानंतर ऱ्होडियम पुन्हा चढवण्याचे पैसे मजुरीत धरलेत का, तेही.