फॅन चालत होता, पण दरवेळी सुरू होत नव्हता

ग्राहकाचा अभिप्राय: एक तारा. लॅपटॉप तापून अचानक बंद पडायचा म्हणून इथे दिला. धूळ साफ केली, थर्मल पेस्ट बदलली, बिल घेतलं. बारा दिवसांत पुन्हा बंद पडायला लागला. आधी गेम खेळताना बंद व्हायचा, आता गेम चालतो आणि साधं टाईप करताना बंद होतो! दुसरीकडे दाखवला, त्यांनी फक्त फॅन बदलला आणि लॅपटॉप ठीक झाला. ते म्हणाले, पेस्ट-बिस्ट सगळी बिल वाढवायची नाटकं. मग तुम्ही पैसे कशाचे घेतले? फॅन खराब आहे हे एवढ्या मोठ्या दुकानाला कळू नये?

मालकाचं उत्तर:

नमस्कार. उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमचा जुना फॅन हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तुम्ही तो पाठवून दिलात, त्याबद्दल आभार. तो तपासून झाला. फॅन खराबच होता आणि तो दोष आमच्या तपासणीतून निसटला. चूक आमची आहे. ती कशी झाली ते मात्र सविस्तर सांगतो, कारण "गेम चालतो आणि टाईप करताना बंद होतो" या तुमच्या एका वाक्यातच सगळं उत्तर होतं. ते वाक्य तुम्ही आमच्या काउंटरवर फोन करून सांगितलं असतं तरी मला कदाचित तेव्हा कळलं नसतं, हेही कबूल करतो.

आधी धुळीचं. मागची जाळी बाहेरून स्वच्छ दिसत होती, म्हणून धूळ होती यावर तुमचा विश्वास बसला नसावा. लॅपटॉपमध्ये धूळ जाळीवर कमी आणि आत जास्त अडकते. फॅन खालून हवा ओढतो आणि तांब्याच्या बारीक पात्यांमधून मागे फेकतो. त्या पात्यांमधली फट जेमतेम एक मिलिमीटरची. कपड्यांचे, पांघरुणाचे तंतू तिथे येऊन अडतात, त्यावर बारीक धूळ बसते आणि फॅन व पात्यांच्या मध्ये नमद्यासारखी पट्टी तयार होते. ती बाहेरून दिसत नाही, आणि बाहेरून ब्लोअर मारला तर उलटी फॅनमध्ये जाऊन बसते. तुमच्या लॅपटॉपमधून निघालेली पट्टी अखंड होती, चिमटीत धरून उचलली. जॉब कार्डाला फोटो जोडलेला आहे. खालच्या बाजूची मागची रबरी पट्टीही निघून गेली होती, त्यामुळे टेबलावर ठेवला की हवा आत घ्यायच्या छिद्रांखाली फटच उरत नव्हती. ती पट्टी आम्ही नवीन लावली.

आता पेस्टचं. ज्यांनी फॅन बदलला त्यांचं काम चांगलं आहे, पण पेस्ट म्हणजे नाटक हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पेस्ट म्हणजे सिलिकॉन तेलात कालवलेली बारीक भुकटी. प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली केसाएवढी फट भरणं एवढंच तिचं काम. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर सहसा धातूचं झाकण नसतं, नखाएवढा उघडा तुकडा असतो आणि सगळी उष्णता तेवढ्या जागेतून बाहेर पडायची असते. रोज तापणं आणि निवणं चालू राहिलं की पेस्ट मधून कडेला सरकत जाते, तेल वेगळं होतं आणि मागे कोरडा थर उरतो. तुमच्याकडची पेस्ट कडेला साचलेली होती आणि मधोमध प्रोसेसर जवळजवळ उघडा पडला होता.

हे डोळ्यांनी न बघताही ओळखता येतं. पूर्ण ताण दिल्यावर तुमचा प्रोसेसर ५८ अंशांवरून तीन सेकंदांत १०० अंशांवर गेला आणि ताण काढताच तितक्याच झटक्यात खाली आला. नुसती धूळ असेल तर तापमान असं उडी मारत नाही, ते काही मिनिटांत हळूहळू चढतं. कारण उष्णता हीटसिंकपर्यंत पोचलेली असते, फक्त तिला बाहेर पडायला वाट नसते. मागून येणाऱ्या हवेवर हात धरला तरी फरक समजतो. हवा कमी पण चटका देणारी असेल तर धूळ. हवा भरपूर, पण कोमट, आणि आत मात्र प्रोसेसर शंभरीला टेकलेला असेल तर पेस्ट किंवा हीटसिंकची बैठक. तुमच्याकडे दोन्ही एकत्र होतं. सफाई आणि नवीन पेस्टनंतर त्याच ताणाखाली चाळीस मिनिटं चालवला, तापमान ८४ अंशांवर स्थिरावलं. फॅन त्या सगळ्या वेळात मिनिटाला साधारण ४,००० फेऱ्यांवर फिरत होता. आम्ही "पास" लिहिलं आणि लॅपटॉप तुम्हाला दिला.

इथेच चुकलो.

तुमच्या मॉडेलमध्ये प्रोसेसर पुरेसा थंड असला की फॅन पूर्ण थांबतो, आवाज होऊ नये म्हणून. तापमान वाढलं की तो पुन्हा सुरू व्हायला हवा. आमच्याकडे यायच्या आधी धूळ आणि पेस्टमुळे लॅपटॉप इतका गरम असायचा की फॅनला थांबायची संधीच मिळत नव्हती. सकाळी एकदा फिरायला लागला की रात्रीपर्यंत फिरतच. गेममध्ये ताण वाढला की तो फिरत असूनही हवा पुढे सरकायची नाही आणि लॅपटॉप बंद पडायचा. तुमची पहिली तक्रार ही.

आम्ही साफ केल्यावर लॅपटॉप थंड राहू लागला. त्यामुळे फॅन दिवसातून कितीतरी वेळा थांबू लागला आणि तितक्याच वेळा त्याला उभ्या अवस्थेतून सुटायची वेळ आली. त्याचं बेअरिंग तर कोंडलेल्या हवेविरुद्ध महिनोन्‌महिने पूर्ण वेगात फिरून झिजलेलं, आतलं तेल सुकून चिकट झालेलं. एकदा वेग घेतला की तो व्यवस्थित चालायचा, पण थांबलेला असताना हळू जोर मिळाला तर कधी हलायचा, कधी नाही. लॅपटॉप चालू करताना फॅनला काही क्षण पूर्ण जोर मिळतो. लगेच गेम सुरू केला की तो फिरताच राहायचा, म्हणून गेम सुरळीत चालायचा. टाईप करताना मात्र मध्ये फॅन थांबायचा, नंतर ब्राउझरचे चार-सहा टॅब उघडले की त्याला उठायचा हुकूम जायचा आणि तो जागचा हलायचा नाही. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करून बघतो. तरीही उष्णता साठतच गेली की बोर्ड थेट वीज तोडतो, "सेव्ह करा" म्हणायलाही थांबत नाही. विंडोजच्या नोंदींत अशा वेळी बहुधा `Kernel-Power` आणि `41` एवढंच दिसतं. लॅपटॉप नीट बंद झाला नाही, इतकाच त्याचा अर्थ. का बंद झाला ते त्यावरून कळत नाही.

म्हणजे फॅनचा दोष आधीपासून होता, आणि तो उघडा पडला आमच्या सफाईमुळे. तुमच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं की यांनी काहीतरी बिघडवलं.

तुमचा फॅन आम्ही टेबलावर कमी जोरावर वीस वेळा थांबवून सुरू करून पाहिला. सात वेळा तो हललाच नाही, बोटाने हलकी टिचकी मारली की मुकाट्याने फिरायला लागायचा. पूर्ण जोरावर वीसपैकी वीस वेळा सुरू झाला. आम्ही त्या दिवशी नेमकी ही दुसरी, सोपी परीक्षा घेतली होती. सतत चाळीस मिनिटं ताण देणं म्हणजे फॅनला थांबूच न देणं, आणि त्याचा आजार तर सुरू होण्यात होता. आसाला बोटाने बाजूला ढकललं तर किंचित खेळही जाणवतो. सफाईच्या वेळी फॅन हातात होता, तेव्हाच हे जाणवायला हवं होतं. ब्रश मारताना आमचं लक्ष पात्यांवर होतं.

काही जण अशा फॅनमध्ये तेलाचा थेंब सोडून देतात. काही आठवडे चालतो, मग पुन्हा तेच. त्यामुळे नवीन फॅन हाच योग्य उपाय होता आणि तो झाला, हे बरंच झालं.

आता हिशोब. मजुरीची पूर्ण रक्कम परत करतो आहे, कारण "पास" असं लिहून देणं हा तिचाच भाग होता आणि ते लिहिणं चुकीचं होतं. पेस्ट आणि रबरी पट्टी यांचे पैसे ठेवतो आहे, ती कामं लागणारी होती आणि आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये आहेत. यावर वाद घालायचा असेल तर जरूर घाला. आमच्या जॉब कार्डावर या आठवड्यापासून एक ओळ वाढली आहे: लॅपटॉप थंड होऊन फॅन थांबेपर्यंत वाट पाहायची, मग ताण द्यायचा, असं दहा वेळा, त्यातले पाच वेळा लॅपटॉप आडवा आणि पाच वेळा कडेवर उभा धरून. कडेवर यासाठी की झिजलेलं बेअरिंग एका बाजूला झुकलं की जास्त अडतं. यात तासभर जास्त जातो, म्हणून गाडी आता त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी मिळेल असं सांगायला लागलो आहे. (लॅपटॉपला गाडी म्हणायची आमच्या कारागिराची सवय, ती मलाही लागली.)

एक गोष्ट तेवढी तपासून घ्या. काही लॅपटॉपमध्ये फॅन नुसते स्क्रू काढून वेगळा निघतो, काहींमध्ये तो हीटसिंकला जोडलेला असल्यामुळे हीटसिंकही उचलावा लागतो. तुमचा दुसऱ्या प्रकारचा आहे. उचललेला हीटसिंक जुन्याच पेस्टवर परत बसवला तर मध्ये हवेचे पोकळ डाग राहतात, आणि "पेस्ट म्हणजे नाटक" म्हणणाऱ्याने ती पुन्हा भरली असेल का, याची मला शंका आहे. तापमान दाखवणारं कुठलंही ॲप उघडून पूर्ण ताण द्या आणि पहिली पाच सेकंदं बघा. आकडा सत्तर-ऐंशीच्या आसपास थांबून मग हळूहळू चढत असेल तर काळजी नाही. थेट शंभराला जाऊन आदळला तर घेऊन या, पेस्ट पुन्हा लावून देतो, त्याचं बिल होणार नाही. जुना फॅन काउंटरवर तुमच्या नावाने ठेवला आहे. हवा असेल तर न्या, नाहीतर नव्या मुलांना बेअरिंगचा खेळ बोटाला कसा जाणवतो ते शिकवायला मी तो ठेवून घेईन.