कॉलमचा टाइप बघून चार्ट ठरवू नका

"तारीख असेल तिथे लाइन चार्ट, कॅटेगरी असेल तिथे बार चार्ट, आणि टेबल टाळा कारण टेबल कोणी वाचत नाही. कॉलमचा टाइप बघून स्क्रिप्टनेच चार्ट निवडला की झालं, परत बघायची गरज नाही."

हे इतक्या जणांनी शेअर केलंय की नवीन लोक तसंच्या तसं स्क्रिप्टमध्ये टाकतात. माझं म्हणणं सरळ आहे, चार्ट कॉलमवरून ठरत नाही, वाचणाऱ्याला त्या आकड्यावरून काय ठरवायचंय आणि या वेळी डेटा किती आणि कसा आलाय यावरून ठरतो. ऑटोमेटेड रिपोर्टमध्ये तर जास्तच, कारण पाठवायच्या आधी कोणी माणूस तो बघत नाही.

तारखेचं आधी घेऊ. समजा सपोर्ट टीमचा रिपोर्ट आहे आणि रोज किती तिकिटं आली ते दाखवायचंय. सोमवारी 42, मंगळवारी 38, गुरुवारी 45, आणि बुधवारची ओळच नाही. लाइन चार्ट काय करतो, 38 पासून 45 पर्यंत सरळ रेघ ओढतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं बुधवारी एक्केचाळीस-बेचाळीस आली असतील. तो आकडा कोणीच मोजलेला नाही! ओळ नसण्याची कारणं दोन असू शकतात: खरंच एकही तिकीट आलं नाही, किंवा डेटा आणणारा जॉब पडला. पांडाजमध्ये तारखेवर `groupby` केलं की दोन्ही वेळा सारखंच दिसतं, कारण ज्या दिवशी नोंद नाही त्या दिवसाची ओळ तयारच होत नाही. म्हणून आधी सगळे दिवस उभे करायचे आणि मग जॉबच्या लॉगवरून ठरवायचं की शून्य भरायचं की जागा मोकळी ठेवायची:

```python
days = pd.date_range(start, end, freq="D")
s = s.reindex(days)
s = s.mask(ran & s.isna(), 0)
```

इथे `s` म्हणजे तारखेनुसार रोजच्या तिकिटांची सिरीज आणि `ran` म्हणजे त्या दिवशी जॉब नीट चालला का, याची त्याच `days` वर बेतलेली खरं-खोटं सिरीज. जॉब चालला आणि नोंद नाही, तर शून्य. चाललाच नाही, तर `NaN` राहतं आणि मॅटप्लॉटलिबमध्ये रेघ तिथे तुटते, आणि ती तुटलेली दिसणं हेच बरोबर आहे.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. रिपोर्ट बुधवारी सकाळी निघतो आणि आठवड्याची बेरीज दाखवतो. पूर्ण आठवड्याला साधारण 200 तिकिटं येतात, पण चालू आठवड्यात फक्त सोमवार-मंगळवार झालेत, म्हणजे 80. मग प्रत्येक रिपोर्टमध्ये रेघ शेवटी धाडकन खाली येते, आणि दोन-तीनदा असं झालं की लोक शेवटचा टप्पा बघायचंच सोडतात, आणि पुढे कधी खरीच घसरण झाली तरी तिच्याकडेही लक्ष जात नाही. अर्धवट आठवडा रेघेतून काढा आणि खाली एका ओळीत लिहा: चालू आठवडा, मंगळवारपर्यंत 80, मागच्या आठवड्यात मंगळवारपर्यंत 77. तुलना सारख्याशी सारख्याची होते, आणि इथे चार्टची गरजच उरत नाही.

आणि पॉइंट मोजके असतील तर? लाइन आणि बार चार्टचा जनक मानल्या जाणाऱ्या विल्यम प्लेफेअरने 1786 साली इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे वर्षानुवर्षं रेघेने दाखवले, पण स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, म्हणून तिथे त्याने बार काढले. म्हणजे लाइन की बार हे त्याने हातात काय आहे ते बघून ठरवलं. तीन महिन्यांचे तीन आकडे असतील तर तिथे ट्रेंड म्हणावा असं काही नसतंच, तीन आकडे लिहून टाका. माझ्या मते सहा-सातपेक्षा कमी वैध पॉइंट असले तर स्क्रिप्टने रेघ ओढूच नये.

आता कॅटेगरी. बारमध्ये डोळा लांबी बघतो, म्हणून बार शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. दोन टीमचं वेळेत उत्तर देण्याचं प्रमाण 96.2 टक्के आणि 97.1 टक्के आहे. शून्यापासून काढलं तर दोन्ही बार सारखेच दिसतात. मग कोणीतरी अ‍ॅक्सिस 95 पासून सुरू करतं, आणि लांब्या होतात 1.2 आणि 2.1, म्हणजे एक टीम जवळपास पावणेदोन पट चांगली वाटायला लागते. फरक आहे 0.9 पॉइंटचा! कॅटेगरी आहे म्हणून इथे बार लावला तर काही दिसत नाही किंवा खोटं दिसतं, दोन ओळींचं टेबल दोन्हीतून वाचवतं. कोणत्या प्रकारच्या तक्रारी जास्त आल्या, 120 की 35 की 8, असा मोठा फरक असला की मात्र आडवा बार मस्त काम करतो.

बारचा क्रमही ठरवून ठेवायला हवा, हे फार कमी लोक बोलतात. एकदाच काढायच्या चार्टमध्ये मोठ्यापासून लहान असा क्रम लावणं योग्यच आहे. पण दर आठवड्याला तोच रिपोर्ट येतो तेव्हा वाचणारा मागचा चार्ट डोक्यात ठेवून बघत असतो, आणि क्रम बदलला की त्याला प्रत्येक नाव परत शोधावं लागतं. त्यात रंग क्रमाने वाटले जात असतील तर एखादी कॅटेगरी या आठवड्यात आलीच नाही की तिच्या नंतरच्या सगळ्यांचे रंग सरकतात, मग मागच्या वेळी निळा असलेला "लॉगिन" आज केशरी. नावाला रंग आणि जागा कायमची बांधून टाका, आणि न आलेल्या कॅटेगरीला शून्याचा बार द्या.

टेबल कोणी वाचत नाही? पन्नास ओळींचं, दशांशाच्या चार-चार जागा असलेलं टेबल नाही वाचत, ते मान्य. पण पहिल्या उत्तराला लागणारा वेळ मिनिटांत, समाधान टक्क्यांत आणि उघडी तिकिटं संख्येत, असे तीन वेगळ्या एककांचे आकडे एका चार्टवर बसवायचे कसे? पाच ओळी, या आठवड्याचा आकडा, मागचा आकडा, फरक, उजवीकडे अलाइन आणि दशांश सारखे, हे टेबल दहा सेकंदांत वाचून होतं. शिवाय मेलमध्ये कित्येक अ‍ॅप इमेज आपोआप दाखवत नाहीत, तिथे टेक्स्टमधलं टेबल दिसतं आणि कॉपीही करता येतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते छेदाचं. समाधान 90 टक्क्यांवरून 75 वर आलं, बार बघून मीटिंग बोलावली जाते. टेबलमध्ये शेजारी लिहिलेलं असतं की मागच्या वेळी 40 पैकी 36 होते आणि या वेळी 4 पैकी 3. चौघांतला एक जण नाराज, बास. साध्या बारमध्ये ते चार कुठेच दिसत नाहीत, त्यामुळे कमी उत्तरांवर उभी असलेली टक्केवारी मी तरी कायम टेबलमध्येच ठेवते.

आणि परत न बघण्याबद्दल. प्रत्येक आकड्यासाठी कॉन्फिगमध्ये दोन गोष्टी लिहून ठेवा: नेहमीचं रूप कोणतं, आणि डेटा कमी पडला तर काय. उघडी तिकिटं, पूर्ण 13 आठवडे असले तर लाइन, नाहीतर टेबल. तक्रारींचे प्रकार, दोन किंवा जास्त असले तर बार, एकच असला तर नुसतं वाक्य. मग रिपोर्ट सुरू करायच्या आधी मुद्दाम वाईट डेटा घालून बघा: रिकामा आठवडा, एकच कॅटेगरी, मधले दोन दिवस गायब, आणि चाळिशीतल्या आकड्यांमध्ये एकच दिवस 900. त्या 900 मुळे बाकी सगळी रेघ तळाशी सपाट होते. अशा वेळी तो पॉइंट गुपचूप काढू नका, अ‍ॅक्सिस त्याच्याखाली थांबवा आणि चार्टवरच लिहा की या तारखेला 900 आले.