दूध खरे होते, गर्भ नव्हता

«डॉक्टरताई, गर्भ नसताना दिवस गेल्याची खात्री वाटणाऱ्या बायकांवरचा तुमचा लेख वाचला. मनाच्या इच्छेने पाळी थांबते आणि छातीत दूध येते, हे मला अजिबात पटलेले नाही. एकतर अशी बाई खोटे बोलत असणार, नाहीतर तपासणाऱ्याचे चुकत असणार. माझ्या थोरल्या जावेला असेच झाले, तेव्हा "मनाचे खेळ आहेत" असे सांगून तिला घरी पाठवले आणि घरच्यांनी तिला ढोंगी ठरवले. तुमच्या लेखाने अशा लोकांच्या हातात कोलीतच दिले आहे.» – एक वाचक, निपाणी

ताई, तुमचा राग मला योग्य वाटतो आणि त्यातला एक भाग माझ्या लेखाच्या उणिवेमुळे आला आहे, हेही मान्य करते. "मनामुळे होते" एवढे लिहून मी पुढे गेले आणि मन ते कोणत्या वाटेने घडवते, हे सांगायचे राहून गेले. ती वाट शरीरातूनच जाते.

खानापूर तालुक्यातल्या एका बाईची हकिकत सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लग्नाला सहा वर्षे झालेली, मूल नाही. पाळी चुकली तेव्हा तिने लघवीची तपासणी केली नाही, कारण याआधी दोनदा ती नकारार्थी आली होती आणि तिसऱ्यांदा तेच पाहण्याचे धैर्य तिच्यात नव्हते. सासूने "नजर लागेल" म्हणून सोनोग्राफी टाळली. आशाताई गरोदरपणाच्या नोंदीच्या तायी कार्डासाठी दोनदा घरी येऊन गेल्या, त्यांनाही "पुढच्या महिन्यात" असे सांगितले गेले. सातव्या महिन्यात हिरव्या बांगड्या भरून डोहाळेजेवणही झाले. माझ्याकडे ती आली, तेव्हा घरच्यांच्या हिशेबाने आठवा महिना लागला होता.

ती कमरेवर हात ठेवून, पाठ मागे झुकवून चालत होती. पोट चांगलेच पुढे आलेले होते आणि ब्लाउजवर दोन ओले डाग होते. मात्र ती पलंगावर आडवी झाली, तेव्हा पहिली शंका आली ती बेंबी पाहून. आठव्या महिन्यात बेंबी बहुधा सपाट होते किंवा बाहेर येते. तिची खोल आत होती. पोटावर बोटाने ठोकले तर ढोलासारखा पोकळ आवाज आला, म्हणजे आत वायू होता. गर्भाशयाचा वरचा काठ हाताला कुठेच लागेना. सोनोग्राफीत गर्भाशय नेहमीच्या आकाराचे, सुमारे साडेसात सेंटीमीटर लांबीचे आणि रिकामे दिसले. लघवीची तपासणीही नकारार्थी आली. त्या तपासणीत सापडणारे एचसीजी हे संप्रेरक गर्भाच्या वारेत तयार होते. वारच नसेल, तर ते कितीही तीव्र इच्छेने तयार होत नाही. मनाची मर्यादा इथे संपते, आणि म्हणूनच ही स्थिती ओळखता येते.

मग दूध कुठून आले? त्यासाठी वार लागत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे दुधाचे संप्रेरक येते आणि त्यावर हायपोथॅलॅमस या मेंदूच्या वरच्या बाजूच्या भागातून येणाऱ्या डोपामिन या रसायनाचा सतत लगाम असतो. दीर्घकाळचा ताण, शोक, मूल होण्याची आस आणि न होण्याची धास्ती यांनी हा लगाम सैल पडू शकतो. लगाम सैल झाला की प्रोलॅक्टिन वाढते. वाढलेले प्रोलॅक्टिन बीजकोशाला चालना देणारे मेंदूचे ठोके मंदावते, त्यामुळे बीज बाहेर पडत नाही आणि पाळी थांबते. पाळी थांबली की दिवस गेल्याची खात्री आणखी पक्की होते आणि मनावरचा भारही वाढतो. त्यातच ती बाई रोज सकाळी दूध येते का, हे स्वतः दाबून पाहत असे. स्तनाग्राला वारंवार स्पर्श झाला की प्रोलॅक्टिन आणखी वाढू शकते, म्हणजे खात्री करून घेण्याचा तो प्रयत्नच दुधाला खतपाणी घालत होता. तिचे प्रोलॅक्टिन 68 आले. गर्भ नसलेल्या बाईत ते दर मिलिलिटरला साधारण 25 नॅनोग्रॅमच्या आत असते. हे आकडे प्रत्येक बाईत असेच वाढलेले दिसत नाहीत, काहींमध्ये ते जवळजवळ सामान्य असतात. त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावरून हे निदान होत नाही.

पोटाचे उत्तर वेगळे आहे. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली दाबून धरला जातो, कंबर पुढे वाकते, पोटाचे स्नायू सैल राहतात आणि बद्धकोष्ठामुळे वायू साठतो. हे तिच्या नकळत होते. एडिनबरोचे डॉक्टर जेम्स सिम्प्सन यांनी एकोणिसाव्या शतकात अशा बायकांना क्लोरोफॉर्म दिला, तेव्हा पोट सपाट झाले आणि शुद्धीवर येताच पुन्हा वर आले. ढोंग करणाऱ्या माणसाला आपण पोट फुगवतो आहोत हे ठाऊक असते; या बाईला ते ठाऊक नसते. आतड्यातला वायू सरकला, पोटाचा स्नायू फडफडला, की तिला बाळाची लाथ जाणवते. जाणीव खरी असते, तिचा लावलेला अर्थ चुकतो.

आता तुमच्या दुसऱ्या आक्षेपाबद्दल. तपासणाऱ्याचे चुकू शकते, हे तुम्ही बरोबर म्हणता, आणि मला त्याची काळजी जास्त वाटते. उलट्यांवर दिली जाणारी डॉमपेरिडोन किंवा मेटोक्लोप्रामाइड, तसेच मानसिक आजारावरची रिस्पेरिडोनसारखी औषधे हाच डोपामिनचा लगाम सैल करतात. थायरॉइड मंद असेल तरी दूध येते. पिट्युटरीची लहानशी गाठही हेच करते. बीजकोशाची मोठी गाठ किंवा पोटातले पाणी यांनी पोट वाढते. हे सगळे तपासून बाजूला सारल्याशिवाय "मनाचे" हा शब्द उच्चारू नये. आमच्या या बाईचे थायरॉइड ठीक होते आणि गोळी कुठलीच चालू नव्हती.

तिला मी सोनोग्राफीचा पडदा दाखवला. "काही नाही" असे म्हटले नाही. "दूध खरे आहे, पाळी खरोखर थांबली आहे, पण गर्भ राहिलेला नाही" असे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने विचारले, "मग हे दूध कुणासाठी आलं?" मला उत्तर सुचले नाही, मी तिचा हात धरून बसले. दोन दिवसांनी ती पुन्हा आली आणि पडदा पुन्हा पाहायला मागितला, तोही दाखवला. भ्रमाच्या मानसिक आजारात पुरावा दाखवूनही खात्री ढळत नाही आणि शरीरावर अशा खुणाही बहुधा नसतात. इथे पुरावा हळूहळू मनात उतरत होता. तिला समुपदेशनाला पाठवले, दाबून पाहणे बंद करायला सांगितले. पाच आठवड्यांनी पाळी आली, तीन महिन्यांनी प्रोलॅक्टिन 19 वर उतरले. आणि मग नवऱ्याच्या वीर्याची तपासणी करायला लावली, जी सहा वर्षांत एकदाही झाली नव्हती. शुक्राणूंची संख्या फारच कमी निघाली. इतकी वर्षे उपास, नवस आणि टोमणे मात्र तिच्याच वाट्याला आले होते.

तुमच्या जावेला अजून दूध येत असेल, तर तिची प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करून घ्या. रक्त सकाळी उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडे शांत बसवून द्यावे, कारण सुई टोचण्याच्या भीतीनेही आकडा वाढतो. गेल्या काही महिन्यांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या, आम्लपित्ताची म्हणून दुकानातून आणलेलीसुद्धा. प्रोलॅक्टिन 100 च्या वर असेल, किंवा डोके दुखणे, बाजूचे कमी दिसणे असा त्रास असेल, तर पिट्युटरीचे एमआरआय करून घेण्यास उशीर करू नका.